नऊ सेकंद मोकळे

आमच्या धंद्यात आधी कपडा शिवतात आणि मग त्यात मावेल असा माणूस शोधतात. माहितीपट कापून, जोडून, वर संगीत चढवून तयार असतो, कुठला शॉट किती सेकंदांचा ही काळ्या दगडावरची रेघ झालेली असते, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरेच्चा, यात बोलायचं काय? तेव्हा मला फोन येतो. "तुमच्यासारखीला काय, तासाभराचं काम आहे," असं म्हणतात. तासाभराचं असतं तर तुम्हीच केलं असतंत की.

तर ते तासाभराचं काम असं असतं. पडद्यावर पाच सेकंदांचा शॉट असला, तर मराठीत त्यावर दहा शब्द बसतात. जोडाक्षरांची खडी असली तर आठच. शॉट लागला रे लागला की बोलायचं नाही, डोळ्याला आधी बघू द्यायचं. शॉट संपायच्या आत वाक्य संपवायचं, म्हणजे कानाला श्वास मिळतो. जे दिसतंय ते सांगायचं नाही. बाई जिना चढताना दिसतेय तर 'ही बाई जिना चढते आहे' म्हणणारा निवेदक समोरच्याला आंधळा समजत असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याचं नाव घ्यायचं त्याचा चेहरा पडद्यावर असतानाच ते नाव पडलं पाहिजे. एक सेकंद इकडेतिकडे झालं की ते पुढच्या शॉटला चिकटतं. एका कारखान्याच्या फिल्ममध्ये अध्यक्षांचं नाव असंच घसरून जनरेटरला लागलं होतं. ती फिल्म माझी नव्हती, पण मी ती तीनदा पाहिली.

हे सगळं मी एक घड्याळ हातात धरून, मोठमोठ्यानं वाचत करते. मावशी म्हणते, "घरात वेडं माणूस असल्यासारखं वाटतं."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात. मावशी एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होती, पुढे मुख्य नर्स झाली, आणि सगळी हयात तिनं तिथेच काढली. अर्ध्या गावाला तिनं जगात ओढून आणलंय, त्यात मीही आले. सालस, सोशिक, सेवाभावी असलं काही तिच्या अंगात औषधालाही नाही. आवाज असा की दोन मजले खाली चाललेला दवाखान्याचा हिशेब चुकावा. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी उभी राहून ती ओरडायची, "दम धर. आत्ता नाही. दम धर गं, सांगते तेव्हाच जोर लाव." त्यावरून तिचं नावच पडलं, दमधर बाई. तिला ते नाव बिलकूल आवडत नाही. "माझं एक छानसं नाव आहे," ती म्हणते, "आईबापांनी विचार करून ठेवलेलं. ते कुणाच्या तोंडात बसत नाही का?"

आणि ती येत्या महिन्यात निवृत्त होत होती.

प्रसूतिगृह काढलं होतं थोरल्या डॉक्टरांनी. ते वारले, आणि आता सगळं त्यांच्या मुलाकडे आलं. मी त्याला चिरंजीव म्हणते, कारण आयुष्यात त्यानं केलेली मोठी गोष्ट तीच, कुणाचा तरी मुलगा असणं. डॉक्टरही झाला नाही. व्यवस्थापन शिकून आला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर दारात वडिलांचा संगमरवरी अर्धपुतळा बसवला. दुसरं काम म्हणजे देणगीदारांच्या पाट्या. पलंगावर पाटी, पाण्याच्या टाकीवर पाटी, प्रसूतीच्या खोलीतल्या पंख्यावरसुद्धा पाटी.

मावशीला पुतळ्याचं काही नव्हतं, तिला तो पंखा खटकायचा. "पंखा देणाऱ्याचं नाव पंख्यावर आहे," ती मला ताटावर बसल्या बसल्या ऐकवायची. "त्या पंख्याखाली मी जन्म काढला. माझं कुठे आहे?"

"तू चिरंजीवला विचार की."

"विचारलं. म्हणाला, संस्था व्यक्तीपेक्षा मोठी असते. बापाच्या पुतळ्याला टेकून म्हणाला."

त्याचा तिच्यावर राग होता, तोही सांगायला हवा. बाहेरून पाहुणे आले होते, हा त्यांना वॉर्ड दाखवत होता, आणि ह्यानं बूट न काढता बाळांच्या खोलीत पाऊल टाकलं. मावशीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "बाहेर हो. तुझे लंगोट मी बदललेत, मला साहेबगिरी दाखवू नकोस." तेव्हापासून तिची खुर्ची मुख्य नर्सच्या खोलीतून स्टोअरच्या बाजूला गेली.

अशात प्रसूतिगृहाच्या वर्धापनदिनासाठी फिल्म करायचं ठरलं, आणि निवेदन लिहायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. चिरंजीवला मी कोण हे ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लेखकाला आईबाप, मावशी वगैरे असतात हे अशा लोकांच्या गावीही नसतं.

घरी मात्र मी सांगितलं, आणि तिथेच फसले. मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे त्यात काय बोलायचं ते तू ठरवणार?"

"तसं नाही गं मावशी, म्हणजे…"

"घाल मग माझं नाव. एकदाच. पूर्ण नाव घाल, आडनावासकट. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि ते माझ्या कानांनी ऐकणार आहे. नंतर मी मेले तरी चालेल."

मरणाचं बोलणं ती दिवसातून चारदा करते, त्याकडे मी लक्ष देत नाही. पण बाकीचं ती अगदी हळू आवाजात बोलली होती, आणि मावशी एरवी कधीच हळू बोलत नाही.

फिल्म बघायला मी दिग्दर्शकाच्या स्टुडिओत गेले. हा गळ्यात मफलर घालून फिरणारा प्राणी. याला पाण्याचा थेंब दिसला की कॅमेरा थांबतो. थेंब, खिडकी, पडद्याची सळसळ, पुन्हा थेंब. याच्या फिल्ममध्ये माणूस असतो तो प्रकाश कुठून येतोय हे कळावं म्हणून. पण आंधळ्या कोंबडीलाही कधी दाणा सापडतो, तसं झालं. शूटिंगच्या दिवशी वॉर्डात मावशी एका बाळाला दुपट्यात गुंडाळत होती, आणि याच्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. गुंडाळून झाल्यावर तिनं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. 'काय आहे? काय हवंय?' असं बघितलं. याला ते इतकं आवडलं की त्यानं तो शॉट नऊ सेकंद ठेवला. अख्ख्या फिल्ममध्ये तेवढा लांब शॉट दुसरा नाही. पुतळ्यालाही सात सेकंद होते.

"हे बघ, हे बघ," तो मला पडद्याकडे बोट दाखवून सांगत होता, "चेहऱ्याचा नकाशा. या कोण आहेत माहीत नाही, पण काय टेक्स्चर आहे."

"कोण आहेत हे विचारायचं होतंत."

"नाव कळलं की चेहरा मरतो," तो म्हणाला. असली वाक्यं तो तयारच ठेवतो.

मी नऊ सेकंदांवर खूण केली. नऊ सेकंद म्हणजे अठरा शब्द, माझ्या दृष्टीनं वाडाच तो. तिचं नाव, आडनाव, हुद्दा आणि वर एक धड वाक्य, सगळं ऐसपैस बसत होतं. त्याच दिवशी मी ते लिहिलं, घड्याळ लावून वाचलं, एका दमात बसलं. मी तेव्हा खूश होते हे कबूल करते.

चिरंजीवच्या केबिनमध्ये दुसऱ्याच दिवशी त्या वाक्याचा निकाल लागला. आमची संहिता दोन रकान्यांची असते. डावीकडे चित्र आणि त्याचे सेकंद, उजवीकडे शब्द. त्यानं कागद हातात घेतला आणि पहिलं काय म्हणाला, तर, "हे डावीकडचं काय आहे? घड्याळाचे आकडे?"

"ते बघूनच शब्द…"

"ते तुमचं तांत्रिक. माझे ट्रस्टी वाचणार आहेत, त्यांना काय कळणार? नुसता मजकूर पाठवत चला. एकाखाली एक. वाचायला सलग वाटलं पाहिजे."

मग तो उजवीकडचं वाचू लागला, आणि मावशीच्या नावाशी आल्यावर त्याची भुवई वर गेली. पेन काढलं आणि नावावर रेघ मारली. नुसती नावावर नव्हे, सगळ्या वाक्यावर.

"व्यक्तींची नावं नकोत," तो म्हणाला. "संस्था व्यक्तीपेक्षा मोठी असते."

"डॉक्टरांचं नाव पाच वेळा आलंय."

"पप्पा व्यक्ती नाहीत, पप्पा विचार आहेत. आणि हो, नुसतं डॉक्टर लिहू नका. परमपूज्य, सेवाव्रती, जनहितदक्ष डॉक्टरसाहेब. प्रत्येक वेळी."

मी म्हटलं, एवढ्या विशेषणांना दोन सेकंद जास्त लागतात, चित्र पुढे निघून जाईल. तो म्हणाला, "मग चित्र थांबवा." चित्र थांबत नसतं, साहेब. ते कापून, रंगवून, त्याच्या मापानं संगीत बेतून कुलूप लावून ठेवलेलं असतं. खुद्द त्यानंच आदल्या आठवड्यात दिग्दर्शकाला सांगितलं होतं की तो म्हातारीचा शॉट काढा. दिग्दर्शकानं उत्तर दिलं की एक शॉट काढला तर संगीत मोडेल, संगीत मोडलं तर समारंभाची तारीख मोडेल. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. तेव्हा शॉट राहिला. थेंबाच्या पुजाऱ्यानं आयुष्यात एवढं एक पुण्य केलं, तेही आळसापोटी.

"त्या नर्सचा शॉट आहे तर असू दे," चिरंजीव शेवटी म्हणाला. "पण त्याच्यावर पप्पांबद्दल काहीतरी टाका. दणदणीत. म्हणजे तो चेहरा उगाच लक्षात राहणार नाही."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नाव घालायचं नाही, हे एक वेळ समजू शकते. माणसं कोत्या मनाची असतात. पण तिचा चेहरा दाखवायचा आणि त्यावर दुसऱ्याचं नाव वाजवायचं, म्हणजे तिला स्वतःच्याच डोळ्यांदेखत भिंत करायची. आणि ती पहिल्या रांगेत बसणार होती, कान टवकारून. मी उठून चालती झाले असते तर त्यानं दुसऱ्या कुणाला आणलं असतं, आणि त्या दुसऱ्यानं मुकाट्यानं ते दणदणीत काहीतरी टाकलं असतं. तेव्हा मी म्हटलं, "करते."

घरी येऊन मी मावशीला खरं ते सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. वाटलं होतं चिडेल, मेला, मुडदा वगैरे म्हणेल. ती फक्त म्हणाली, "मग मी साडी कशाला इस्त्री करून आणली?" आणि दिवा न लावता खोलीत जाऊन बसली. त्या चिरंजीवला मी मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पण रागानं डोकं साफ होतं, माझं तरी होतं. मी पुन्हा फिल्म लावली. मावशीच्या आधीचा शॉट होता नवजात बाळांच्या ओळीचा, पाळणे आणि मिटलेल्या मुठी, साडेपाच सेकंद. मग मावशीचा चेहरा. त्यानंतर पुतळा. मी ते तीन शॉट मागेपुढे करून पाहत राहिले, आणि मग मला चिरंजीवचंच वाक्य आठवलं, वाचायला सलग वाटलं पाहिजे.

वाचायला ना? देते की.

मी नवा मजकूर पाठवला, त्याला हवा तसा. डावा रकाना नाही, आकडे नाहीत, एकाखाली एक. त्या जागी कागदावर असं होतं:

'जगात आल्यावर आपण सगळ्यांनी सगळ्यात आधी आवाज ऐकला तो कुणाचा?

परमपूज्य, सेवाव्रती, जनहितदक्ष डॉक्टरसाहेबांचा. तोच आवाज आजही इथल्या प्रत्येक भिंतीत घुमतो आहे.'

चिरंजीवचा फोन आला. आवाजात ओलावा होता. "वा. आता कसं. प्रश्न आणि लगेच उत्तर. पप्पांचा आवाज, वा. ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या." मी आभार मानले. कागदावर प्रश्नाच्या खाली उत्तर होतंच, बोटभरही जागा मध्ये नव्हती. पण कागदावर सेकंद दिसत नाहीत. प्रश्नाचे दहा शब्द पाळण्यांच्या शॉटवर चपखल बसत होते आणि उत्तराचे बारा पुतळ्याच्या सात सेकंदांवर. मधले नऊ सेकंद कुणाचेच नव्हते. ते कुठे आहेत हे डाव्या रकान्यावरून कळलं असतं, आणि तो त्यानंच काढायला लावला होता.

रेकॉर्डिंगला आमचे आवाजवाले आले. खर्जातला माणूस. स्वतःचा आवाज स्वतःच ऐकत बोलतात आणि जिथे जागा दिसेल तिथे तो ओततात. काचेपलीकडे पडद्यावर फिल्म सुरू झाली, ते बघत बघत वाचू लागले. पाळण्यांवर प्रश्न विचारून झाला आणि मावशी पडद्यावर आली तशी त्यांनी पुढची ओळ तोंडात घेतलीच होती. मी काचेतून हात वर केला.

"दम धरा," मी माइकवरून म्हटलं. "पुतळा दिसल्यावर बोला."

"मग इथे काय? एवढं मोकळं?"

"मोकळंच."

"चुकलंय काहीतरी. नऊ सेकंद मोकळे सोडायचे म्हणजे लोकांना वाटेल मी ओळ विसरलो." त्यांना लोकांची काळजी नव्हती, स्वतःच्या नावाची होती. मी म्हटलं, लेखिकेनं सांगितलं असं सांगा. ते मान हलवत थांबले. पुढच्या खेपेला पुतळ्यावर त्यांनी 'परमपूज्य' असं काही उच्चारलं की माझ्या शेजारच्या ध्वनिमुद्रकाला खोकला आला. अगदी हवं तसं. मी तो टेक ठेवायला सांगितलं.

आता मी काही ज्योतिषी नाही. नऊ सेकंदांत काय होईल हे मला माहीत नव्हतं. काही होणार नाही हीच शक्यता जास्त. नुसतं संगीत वाजेल, लोक चुळबुळतील, पुतळा येईल. पण निदान तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं नाव पडणार नाही, तेवढं तरी. मी मावशीला फक्त एवढंच म्हटलं, "साडी नेस. पहिल्या रांगेत बस."

"नाव आहे?"

"नाही."

"मग मी येऊन काय करू?"

"माझ्यासाठी ये."

तयार फिल्म दिग्दर्शकानं केबिनमध्ये नेऊन दाखवली तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. चिरंजीवनं ती समारंभाच्या धांदलीत पाहिली, एका कानाला फोन, समोर हारवाला. मावशीचे नऊ सेकंद आले तेव्हा तो फोनवर कुणाला तरी खुर्च्यांचा रंग सांगत होता. पुतळा आला तशी त्यानं मान वर केली, 'परमपूज्य' ऐकलं आणि डोळे मिटले. "इथलं म्युझिक छान आहे," तो म्हणाला. रिकाम्या खोलीत नऊ सेकंद म्हणजे नुसतं म्युझिकच असतं. भरलेल्या सभागृहात ते काय असतात ते दोन्ही रकाने नीट बघणाऱ्यालाही कळलं नसतं, मग याची काय कथा.

समारंभ संध्याकाळी होता. सभागृह गच्च भरलं होतं, कारण चिरंजीवनं हौसेनं निमंत्रण काढलं होतं, 'आमच्या रुग्णालयात जन्मलेल्या सर्वांना.' आजी, आया, लेकी, कडेवर पोरं, मागे उभे राहिलेले बाप्ये. पहिल्या रांगेत ट्रस्टी, आणि कडेच्या खुर्चीत मावशी. तिथून तिला उठवायला एक स्वयंसेवक आला होता. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो गेला. मी तिच्या मागच्या रांगेत बसले होते. इस्त्रीची साडी, ताठ पाठ, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

दिवे मालवले. थेंब आले. खिडकी आली. पडदा सळसळला. चिरंजीवच्या पप्पांना विशेषणं लागत गेली आणि लोक मोबाइल बघू लागले. मग पाळणे आले, मिटलेल्या मुठी आल्या, बायका जराशा 'अगंबाई' करून हलल्या आणि खर्जातल्या आवाजानं विचारलं:

"जगात आल्यावर आपण सगळ्यांनी सगळ्यात आधी आवाज ऐकला तो कुणाचा?"

आणि पडद्यावर भिंतीएवढी मावशी.

पहिले दोन सेकंद काहीच नाही. मी स्वतःची नाडी मोजल्यासारखे सेकंद मोजत होते. मनात म्हटलं, गेलं, आपला शहाणपणा आपल्या घशात. तिसऱ्या सेकंदाला मागून कुठूनतरी एक बाई हसली आणि सहज, शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "अगं, ह्यांचाच की. दमधर बाईंचा."

अंधारात ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. मग डावीकडून कुणीतरी म्हणालं, "दमधर बाई." उजवीकडून दोघी. एक म्हातारी आपल्या सुनेला, "मला बाई हिनंच ओरडून ओरडून…" एक बाप्या मोठ्यानं, "दमधर बाई, आमचं जुळं." आणि मग ते सगळीकडूनच आलं, हसत, ओरडत, पोरांना उचलून पडद्याकडे बोट दाखवत. अख्खं सभागृह एकच नाव घेत होतं. कुणी लिहून दिलं नव्हतं, कुणी वाचलं नव्हतं. मी आयुष्यभर वाक्यं मोजून बसवली, त्यातलं एकही असं बसलं नाही.

माझ्यासमोर मावशीची पाठ तेवढीच ताठ होती. मग ती उभी राहिली, मागे वळली, आणि वॉर्डात लावायची तो आवाज लावून म्हणाली, "गप्प बसा सगळे. सिनेमा चालू आहे."

सगळे गप्प बसले. एका क्षणात. दोन-अडीचशे माणसं, म्हातारी, बाप्ये, पोरं, जशी जन्माला आल्यापासून तो आवाज ऐकत आहेत तशी चिडीचूप झाली.

आणि त्या शांततेत पुतळा आला.

"परमपूज्य, सेवाव्रती, जनहितदक्ष डॉक्टरसाहेबांचा. तोच आवाज आजही इथल्या प्रत्येक भिंतीत घुमतो आहे."

आधी कुणीतरी दाबून हसलं. मग दाबता आलं नाही. ट्रस्टींपैकी एक जण रुमालात तोंड घालून थरथरत होता. त्यानंतर फिल्ममध्ये काय झालं ते कुणी ऐकलं नाही. डॉक्टरसाहेबांना आणखी दोनदा विशेषणं लागली आणि दोन्ही वेळा हशा झाला. थोरल्या डॉक्टरांचं मला थोडं वाईट वाटलं. माणूस बरा होता. मावशीच सांगते, ते यायचे तेव्हा बाळ न्हाऊन झोपलेलं असायचं आणि ते हळूच विचारायचे, "बाई, मी काही करू का?" त्यांना स्वतःला हा पुतळा बघवला नसता.

दिवे लागले तसा चिरंजीव माझ्याकडे आला, चेहरा लाल. "ती जागा मोकळी का ठेवली?"

"तुम्ही मंजूर केलेला मजकूर शब्दाशब्दानं आहे, साहेब. प्रश्न, लगेच उत्तर. तपासून घ्या."

"पण मध्ये…"

"मधलं डाव्या रकान्यात होतं. ते तांत्रिक."

मागे दिग्दर्शक मफलर सावरत ट्रस्टींना सांगत होता की तो शॉट ठेवायचा आग्रह पहिल्यापासून त्याचाच होता, आणि शांतता ही त्याची शैली आहे. आवाजवाले कुणाला तरी पटवत होते की थांबण्याची जागा त्यांनीच शोधली. घ्या म्हटलं, सगळ्यांनी घ्या. एवढ्यात मावशी बायकांच्या गराड्यातून वाट काढत आली, तिच्या कडेवर कुणाचंतरी पोर होतं, आणि मला म्हणाली, "चल गं, घरी जाऊ." चिरंजीवनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आता कुठे त्याला आमची नाकं सारखी दिसली असावीत. पुढे त्या घरातून मला काम आलं नाही, आणि यावंसंही वाटलं नाही.

घरी आल्यावर तिनं साडी बदलली, घडी घातली, आणि ती दिवा लावून खुर्चीत बसली.

"नाव काही कुणी घेतलं नाही," ती म्हणाली.

"अगं, सगळं सभागृह…"

"ते दमधर बाई म्हणाले. माझं नाव कुणाला ठाऊकच नाही." तिनं चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, तसाच हातात धरून बसली, आणि तिचे डोळे वाहू लागले. मी मावशीला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. मी जवळ जाऊन बसले. तिनं माझं मनगट घट्ट धरलं, नाडी बघतात तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग नाक ओढून म्हणाली, "किती वेळ होते गं मी त्यात?"

"नऊ सेकंद."

तिनं मान हलवली, हिशेब लावला. "एवढ्यात एक कळसुद्धा सरत नाही," ती म्हणाली. "मागच्या बायकांचं धड बोलूनही झालं नाही. मलाच गप्प करावं लागलं त्यांना." आणि चष्मा घालता घालता, नेहमीच्या आवाजात, "पुढच्या वेळी त्या मफलरवाल्याला सांग, बारा ठेव म्हणावं."